कच्च्या फिल्ममधलं नाव

सुपातले अर्धे तांदूळ निवडून झाले होते, अर्धे तसेच पडले होते. रंजीताचं बोट खडा शोधत होतं आणि डोळे कॉम्प्युटरच्या पडद्यावर होते. तिथे एक हिरवी पट्टी मुंगीच्या चालीने पुढे सरकत होती. कॅमेऱ्याच्या कार्डातलं शूटिंग डिस्कमध्ये उतरत होतं. ते पुरतं उतरेपर्यंत जागेवरून उठायचं नाही हा तिचा नेम होता. मध्येच वायर हलली किंवा लाईट गेली, तर सगळं पहिल्यापासून.

"तांदूळ निवडून राह्यली का सिनेमा पाहून राह्यली?" सासूबाईंनी, कमळाबाईंनी, ओट्यावरून विचारलं.

"दोन्ही, आई."

"मंग भातात खडा आला त सिनेमातला समजून गिळू का आमी?"

रंजीता हसली. पट्टी शेवटाला पोचली. तिने सूप बाजूला ठेवलं, उतरलेल्या फाईली एकेक करून उघडून पाहिल्या, चित्र दिसतं का, आवाज येतो का, मग कार्ड काढून डबीत घातलं. शेवटच्या फाईलमध्ये एक म्हातारी हातात भोपळ्याचा तुंबा घेऊन बसली होती आणि गोंडीत काहीतरी सांगत होती. रंजीताला त्यातला एकच शब्द कळायचा, कारण ते नाव होतं. बुधरी.

रंजीता गुरनुलेचं माहेर चिमूरचं, सासर चंद्रपूरकडच्या मूल गावचं. नवरा पियुष याचं बाजारात फोटो स्टुडिओचं दुकान. शूटिंग तो करायचा आणि घरच्या पुढच्या खोलीत, देवघराच्या भिंतीला लागून ठेवलेल्या कॉम्प्युटरवर बाकी सगळं रंजीता करायची. या भागात त्या सगळ्याला मिळून 'मिक्सिंग' म्हणतात. लोक दुकानात येऊन विचारायचे, "पियुषभाऊ, आमचं मिक्सिंग झालं का?" आणि पियुष म्हणायचा, "करून राह्यलो." दुकानाच्या पाटीवर त्याचं नाव होतं. रंजीताला त्याचं फार काही वाटत नसे. सकाळी देवाला दिवा लावावा, कॉम्प्युटरलाही हात जोडावेत, आणि कामाला बसावं. काम म्हणजे देवाने दिलेलं, पाटी दुकानाची.

तिच्या कामाला क्रम होता आणि तो तिने कधी मोडला नाही. आधी कार्ड डिस्कवर उतरवायचं. मग हळद वेगळी, वरात वेगळी, मंगलाष्टकं वेगळी अशा फोल्डरांत मांडायचं. मग सगळं ओबडधोबड जोडून कच्ची फिल्म करायची. मग कापत कापत ती आवळायची. ती ठरली की रंग सारखे करायचे. मग आवाज. आणि शेवटी एक्सपोर्ट, म्हणजे सगळं मिळून एकच फाईल बाहेर काढायची, जी लोक आपल्या टीव्हीवर लावून बघतात.

आवाजाची पायरी मात्र लग्नात सगळ्यात सोपी. शूटिंगमधला सगळा आवाज बंद करायचा आणि वर गाणी घालायची. बँड, भटजी, रुसलेला मामा, रडणारी नवरीची आई, सगळ्यांची तोंडं हलत राहतात आणि गाणं वाजत राहतं. इतक्या वर्षांत कोणी येऊन म्हटलं नव्हतं, की माझ्या आईचा आवाज कुठी गेला. म्हणून चित्र पक्कं झालं की काम पक्कं झालं, हे तिच्या हाडात मुरलं होतं.

ही नवी फिल्म लग्नाची नव्हती. चंद्रपूरच्या एका संस्थेचे धनराजभाऊ ती करवून घेत होते. धानोऱ्याच्या पलीकडच्या एका गोंड गावातल्या बायकांनी आपलं जंगल कसं राखलं, त्याची फिल्म. पियुषला वाटत होतं, हे काम नीट झालं तर लग्नाच्या मांडवातून आपली सुटका होईल. बाया पुरुष कॅमेरावाल्यासमोर मोकळ्या होईनात, म्हणून शूटिंगला रंजीताही गेली होती आणि कॅमेऱ्याच्या शेजारी बसली होती. आवाज वेगळ्या छोट्या यंत्रात भरला जात होता. चित्र आणि आवाज पुढे जुळवता यावेत म्हणून दर वेळी सुरुवातीला पियुष जोरात टाळी वाजवायचा. बायांना ते असं काही आवडलं, की टाळी वाजली की सगळ्या मिळून टाळी द्यायच्या.

"भजन सुरू झालं," पोचूभाऊ म्हणाले. पोचूभाऊ ग्रामसभेचं काम बघायचे. मराठी चांगली बोलायचे.

ती तुंबेवाली म्हातारी, सुकरीबाई, मात्र हसली नव्हती. तिने तुंबा मांडीवर घेतला आणि सांगायला लागली.

ती काय सांगते हे रंजीताला पुढे मूलला कळलं. पोचूभाऊ बाजाराच्या निमित्ताने आले, तेव्हा पडद्यापुढे बसून त्यांनी वाक्यावाक्याला मराठी सांगितलं. रंजीता चित्र थांबवायची, खूण करायची, पुढे न्यायची. कमळाबाईंनी चहा आणून ठेवला आणि त्याही खाली बसल्या.

परगावचे लोक बैलगाड्या घालून बांबू तोडून न्यायला लागले होते. पुरुष म्हणाले, सरकारचं जंगल, सरकार पाहील. मग बायकांनी पाळी लावली. ज्या घराची पाळी त्या घरची बाई तुंब्यात पाणी भरून दिवसभर जंगलात राहायची, आणि परतल्यावर रिकामा तुंबा पुढच्या घराच्या दारात टांगायची. तुंबा दारात दिसला की त्या घराने काही बोलायचं नाही, जायचं.

"मंग बुधरी," पोचूभाऊ म्हणाले.

"बुधरी कोण?"

"हिची लहान बहीण. तिच्या पाळीले नाल्यापाशी साप चावला तिले. सापडली तेव्हा तुंबा भरलेलाच होता. सुकरीबाई म्हणून राह्यली, आमी बुधरीले मातीत ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी तो तुंबा मी उचलला. पाळी मोडली नाई. तेव्हा कोणी साहेब नव्हता, कोणी संस्था नव्हती. तुंबा होता, अना बुधरी होती."

कमळाबाईंनी पदर डोळ्याला लावला. "हे टाकजो वं," त्या सुनेला म्हणाल्या. "बाकी काई कापलं त काप."

रंजीताने कच्ची फिल्म जोडली. तिला सवय चांगली चित्रं वरून टाकायची. बोलणाऱ्याच्या आवाजावर कुठे मोहाचं झाड, कुठे सारवलेलं अंगण, असं ती झाकत गेली. तिने त्याची एक फाईल काढली. अजून आवाज साफ नव्हता, रंग जुळले नव्हते. वर कोपऱ्यात मिनिट-सेकंदाचे आकडे धावत होते आणि मधोमध फिकट अक्षरांत 'कच्चं' लिहिलेलं होतं, म्हणजे कोणी तीच पक्की समजून पुढे पाठवू नये. ती फाईल पेनड्राइव्हमध्ये घालून रंजीता आणि पियुष गावात गेले.

गावाची रीत अशी, की मान्य म्हणजे सगळ्यांना मान्य. हात वर करून मोजणं नाही. एकाला जरी नको असलं तरी थांबायचं, त्याचं ऐकायचं. शाळेच्या पडवीत पडदा बांधला. फिल्म संपली आणि बायांमध्ये कुजबुज झाली.

"हे घर बुधरीचं नोहे," एक जण म्हणाली.

रंजीताने बुधरीच्या गोष्टीवर जे सारवलेलं घर दाखवलं होतं, ते गावाच्या दुसऱ्या टोकाचं होतं. सुंदर दिसत होतं म्हणून घेतलं होतं.

"त्या घरची बाई एकदाही पाळीले गेली नाई," दुसरीने सांगितलं, आणि सगळी पडवी हसली. ज्या घराबद्दल बोलणं होतं ती बाई तिथेच बसली होती. तीही हसली, म्हणाली, "माह्या घराचा फोटो चांगला येते, मी काय करू."

रंजीताला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिने सगळं ऐकून घेतलं. बुधरीचं खरं घर, आता पडलेलं, नुसता चुलीचा उंचवटा राहिलेला, पियुषने तिथल्या तिथे शूट केलं. बाकीचं गावाला पटलं. सुकरीबाई शेवटी बोलली, तेही मराठीत, मोजक्या शब्दांत.

"बुधरी राहील?"

"राहील," रंजीता म्हणाली. "एवढं घर बदललं की चित्र पक्कं. मंग त्यात कापाकापी नाई. आता फक्त आवाज साफ करायचा राह्यला. मी देवापुढे..."

"शपथ नोको," सुकरीबाई म्हणाली. "तू बोलली. आमी ऐकलं."

काही घरं त्या दिवशी जंगलात होती, तेंदूपत्त्याच्या हंगामाची तयारी होती. त्यांनी पाहिल्याशिवाय मान्यता पुरी होत नाही. म्हणून पोचूभाऊंनी पेनड्राइव्ह ठेवून घेतला. त्यांनाही दाखवून, दोन दिवसांनी फोन करून सांगितलं, "झालं. सगळ्यांले पटलं."

घरी येऊन रंजीताने ते घर बदललं, तुकड्यातुकड्यातला ढिलेपणा काढला आणि फिल्म धनराजभाऊंना नेटवर, काही दिवसांत आपोआप मिटणाऱ्या लिंकने, पाठवली. त्यांनी पाहून कळवलं, छान झालं, चित्र लॉक करा. लॉक म्हणजे आता त्यातली एक चौकटही पुढे-मागे करायची नाही, कारण रंग आणि आवाजाचं काम त्याच मापावर बसतं. रंजीताने रंग सारखे केले. सुकरीबाईच्या मागचं ऊन थोडं उतरवलं, तेव्हा तिच्या कपाळावरच्या गोंदणाच्या रेघा दिसायला लागल्या. मग तिने सुकरीचा आवाज घासून पुसून स्वच्छ केला. वारा काढला. एक कोंबडी मध्येच ओरडत होती, ती हळू केली, पण पूर्ण काढली नाही. कोंबडी गावाचीच होती. खाली मराठी अक्षरं घालायची म्हणून पोचूभाऊंनी सांगितलेलं वाक्यनवाक्य तिने वहीतून टाईप करायला घेतलं.

त्याच दिवशी धनराजभाऊंची फाईल आली. निवेदन. कोण्या शहरातल्या कलाकाराच्या भारदस्त आवाजात, सलग भरून घेतलेलं. सोबत बासरीचं संगीत. आणि एक ओळ: सुकरीबाईंच्या भागावर हे टाका, त्यांचा आवाज खाली घ्या.

रंजीताने ऐकलं. 'संस्थेच्या मार्गदर्शनाखाली येथील महिलांनी वनरक्षणाचा वसा घेतला...' तिने पुन्हा ऐकलं. मग फोन लावला.

"धनराजभाऊ, बाई तिथी दुसरंच सांगून राह्यली."

"ताई, गोंडी कोणाला कळतं? मुंबईचे लोक बघणार आहेत."

"खाली अक्षरं टाकतो ना. मी लिहूनच राह्यली."

"अक्षरं कोणी वाचत नाही हो. आणि मी तुमचं चित्र हलवलंय का? एक चौकट हलवली नाही. सुकरीबाई आहेत ना तिथे? आहेतच. तुंबा आहे. फक्त आवाजाचं काम आहे, ते बाकीच होतं."

हेच रंजीताने गावात सांगितलं होतं. फक्त आवाजाचं काम बाकी आहे. धनराजभाऊ वाईट बोलले नव्हते, आवाज चढवला नव्हता. बुधरीबद्दल त्यांना वाईटही वाटलं असतं, जर ती त्यांच्या कानावर नीट पडली असती. त्यांना फक्त पाहुणे बोलावून फिल्म दाखवण्याचा कार्यक्रम साजरा करायचा होता, आणि संस्थेला आपलं नाव त्यात हवं होतं.

"बुधरीचं नाव तरी राहू द्या," ती म्हणाली.

"निवेदन परत भरता येत नाही, ताई. वेळ नाही. तुम्ही बघा काय होतं ते."

तुम्ही बघा म्हणाले, म्हणून तिने बघितलं. तिच्या पडद्यावर आवाजाचे पट्टे एकाखाली एक होते. वर सुकरी, तिच्याखाली गावाचा आवाज, मग निवेदन, मग बासरी. निवेदक जिथे बोलतो तिथे सुकरीच्या आवाजाची रेघ खाली दाबायची, तो थांबला की वर आणायची, एवढंच काम. तिने निवेदकाची वाक्यं जागोजागी कापली. दोन वाक्यांच्या मध्ये त्याने श्वास घेतला होता. तो श्वास तिने ओढून मोठा केला आणि दुसरं वाक्य थोडं पुढे सरकवलं. आता त्या फटीत सुकरीची रेघ वर आणली. निवेदक थांबला, सुकरी म्हणाली 'बुधरी', आणि निवेदक पुन्हा सुरू झाला. बासरी तिने तिथे अगदी बारीक केली.

तिने तो तुकडा पुन्हा वाजवला. नुसतं नाव राहिलं होतं, पण राहिलं होतं. संध्याकाळी तिने देवाला दिवा लावला तेव्हा बराच वेळ हात जोडून उभी राहिली.

धनराजभाऊ शेवटचं ऐकायला स्वतः मूलला आले. खुर्ची ओढून बसले, डोळे मिटून ऐकलं. त्या जागी डोळे उघडले.

"इथे काहीतरी खटकतं. मध्येच एक शब्द येतो."

"नाव होय ते," रंजीता म्हणाली. "बहिणीचं."

"हो, पण ऐकणाऱ्याला कळणार नाही. चूक वाटेल. मिक्सिंगमध्ये राहून गेलं असं वाटेल." ते पियुषकडे वळले. "काय पियुषभाऊ?"

पियुष दाराशी उभा होता. त्याने बायकोकडे पाहिलं नाही. "वाटतं खरं," तो म्हणाला. "रंजीता, जरा सरक."

"अहो, गावात शब्द दिला आहे."

"तू दिला," तो म्हणाला. "मले विचारून दिला का?"

कमळाबाई ओट्यावर होत्या. त्यांच्या हातातलं लाटणं थांबलं आणि पुन्हा फिरू लागलं. धनराजभाऊ मोबाईल बघू लागले. रंजीता खुर्चीवरून उठली. पियुषने माऊस धरला आणि सुकरीची रेघ त्या फटीत खाली ओढली. बासरी वर आली. त्याने तो तुकडा एकदा वाजवून दाखवला. काही खटकलं नाही.

एक्सपोर्ट लावलं. पुन्हा तशीच पट्टी, तशीच मुंगीची चाल. धनराजभाऊ चहा पिऊन फाईल घेऊन गेले. जाताना रंजीताला म्हणाले, "ताई, तुमचा हात फार साफ आहे." ते त्यांनी मनापासून म्हटलं होतं, तेच तिला जास्त लागलं.

कार्यक्रम गावातच झाला. मंडप, खुर्च्या, पाहुणे, हार. मागे बाया सतरंजीवर. पियुष कार्यक्रमाचं शूटिंग करत होता आणि रंजीता बायांमध्ये बसली होती, कारण खुर्चीवर बसायचं धाडस तिला झालं नाही. ती सुकरीबाईच्या शेजारी बसली नव्हती, दोन बाया सोडून बसली होती. तेवढं अंतरही तिने मुद्दाम ठेवलं होतं.

फिल्म सुरू झाली. मोह आला, नाला आला, टाळ्या पडल्या. सुकरीबाई पडद्यावर आली तेव्हा मुली हसल्या, एकीने तिला कोपरखळी मारली. मग निवेदक बोलायला लागला. सुकरीबाईचं तोंड हलत होतं. हातातला तुंबा हलत होता. पडकं घर आलं, चुलीचा उंचवटा आला, आणि निवेदक म्हणत होता, प्रेरणा, मार्गदर्शन, वसा. घर बरोबर होतं. एवढी एक दुरुस्ती पाळली गेली होती.

बाया वाट बघत होत्या, आता बोलणारा थांबेल आणि ती बोलेल. तो थांबला आणि बासरी वाजली.

पाहुण्यांची भाषणं झाली, हार झाले. सुकरीबाईला पुढे बोलावून शाल दिली. तिने घेतली. खाली आल्यावर तिने ती घडी मोडली नाही, तशीच पोचूभाऊंच्या हातात ठेवली आणि रंजीतासमोर येऊन उभी राहिली.

"तोंड माह्यं होय?" तिने विचारलं.

"हो, बाई."

"बोललं कोण?"

रंजीता एवढंच म्हणाली, "चित्र नाई कापलं, बाई. मी नाई कापू दिलं."

पोचूभाऊंनी ते गोंडीत सांगितलं. सुकरीबाईने ऐकलं, मान हलवली, जणू एखाद्या लहान मुलाने काही सांगितलं आणि ते खोटंही नव्हतं. मग ती काहीतरी बोलली आणि घराकडे निघून गेली.

"काय म्हणाली?" रंजीताने विचारलं.

"म्हणाली, बांबूवाले तरी शब्द देऊन नेत नव्हते."

पुढच्या ग्रामसभेत ठरलं, आता या गावात कॅमेरा नको. सगळ्यांना मान्य झालं. ते पोचूभाऊंनीच फोनवर सांगितलं, रागाने नाही, जसं पाण्याची मोटर बिघडली म्हणून सांगावं तसं. फिल्म बाहेर चांगली चालली होती. तिच्या जोरावर धनराजभाऊंनी पियुषला आणखी एक काम दिलं होतं.

रंजीता रोजची पूजा करत होती, पण दिवा लावून हात जोडले की शब्द सुचेनात. एका दुपारी पियुष दुकानात गेल्यावर ती कॉम्प्युटरसमोर बसली. तिने मनाशी पक्कं केलं होतं. निवेदनाचा पट्टा बंद करायचा, बासरी बंद करायची, सुकरीची रेघ होती तिथे वर आणायची, आणि गावापुरती एक फाईल काढायची. चित्र तेच, मापही तेच, तासाभराचं काम. तिने फिल्मचा प्रकल्प उघडला. पडद्यावर सगळे पट्टे जागच्या जागी होते, पण प्रत्येक तुकडा लाल झाला होता आणि त्यावर एकच गोष्ट लिहून येत होती, फाईल सापडत नाही.

तिने डिस्क पाहिली. फोल्डर नव्हतं. तिथे कोणाच्या तरी हळदीचं शूटिंग उतरलेलं होतं.

संध्याकाळी पियुष आला तेव्हा तिने विचारलं.

"काढून टाकलं," तो चप्पल काढत म्हणाला. "जागा पाहिजे होती. लग्नाचंही आपण असंच करतो ना, डिलिव्हरी झाली की डिस्क रिकामी. आता काऊन पाहिजे होतं तुले? फिल्म त हाये ना."

"फिल्ममध्ये नाई ते."

"काय नाई?"

सुकरीचं बोलणं फिल्ममध्ये होतं खरं तर. निवेदकाच्या खाली, बासरीच्या खाली, इतकं दबलेलं की कोणाला ऐकू येऊ नये. पण एक्सपोर्ट झालं की सगळे पट्टे एकमेकांत विरघळतात, शिजलेल्या भातातून पाणी परत वेगळं काढता येत नाही तसं. पियुषलाही हे ठाऊक होतं. कार्डंही आणि आवाजाचं यंत्रही केव्हाच पुसून दुसऱ्या कामाला गेली होती. उतरवणं, मांडणं, जोडणं, कापणं, रंग, आवाज, बाहेर काढणं, सगळा क्रम ती जपत आली होती, आणि सगळं झाल्यावर ते राखून ठेवणं ही पायरी त्यांच्या घरात कधी नव्हतीच. कोण मागायला येणार होतं?

"तुह्यं डोकं फिरलं आहे त्या गावापायी," पियुष म्हणाला. तो चिडला नव्हता. "काम होतं, झालं. इतकं मनाले लावलं त धंदा होत नाई."

"धंदा तुमचा," ती म्हणाली. "शब्द माहा होता. तुम्हीच म्हटलं."

तो जेवून दुकानाचा हिशेब लावायला बसला. त्या घरात त्यानंतर या विषयावर बोलणं झालं नाही, आणि बाकी सगळं नेहमीसारखं होतं. तेच रंजीताला सहन होत नव्हतं.

सकाळी ती सूप घेऊन बसली. तांदूळ निवडता निवडता तिचं बोट थांबलं. कमळाबाईंनी ते पाहिलं.

"काय झालं वं?"

"आई, त्या गावात आपण पयली फिल्म दाखवली होती. कच्ची. तिचा पेनड्राइव्ह पोचूभाऊकडे राह्यला."

"मंग?"

"त्यात सुकरीबाई बोलते. सगळी बोलते. कोंबडी ओरडते, वारा येते, पण नाव साफ ऐकू येते."

कमळाबाईंनी विचार केला. "त्याच्यावर ते आकडे धावतात ना? अना मधात कच्चं लिवलेलं?"

"हो. ते निघत नाई आता."

"अना त्यायनं पुसून त्याच्यात गाणे भरले असन त?"

हे रंजीताच्या मनात आलंच होतं, फक्त तिने स्वतःशी म्हटलं नव्हतं. पेनड्राइव्ह कोण तसाच ठेवतं. गावात लग्नं झाली असतील, कोणाला तरी गाणी लागली असतील. आणि नसतील भरली, तरी तो परत मागायचा कोणत्या तोंडाने? तो त्यांचाच आहे. फक्त सांगायचं, त्याच्यात गाणी भरू नका, आणि त्याची एक प्रत दुसरीकडेही ठेवा. कॅमेरा नको म्हणाले आहेत, कॅमेरा ती नेणार नव्हतीच. दारात उभं राहू देतील की नाही तेही तिला माहीत नव्हतं. फोन लावला तर पोचूभाऊ हो म्हणतील, त्यांचा स्वभाव तसा, पण फोनवर सांगायची ही गोष्ट नव्हती.

कमळाबाईंनी सुनेच्या मांडीवरचं सूप उचलून स्वतःपुढे ओढलं आणि चष्मा लावला.

"पियुषले काय सांगू?"

"सांगा, गडचिरोलीले गेली."

रंजीताने देवापुढचा दिवा सारखा केला, पिशवीत पाण्याची बाटली आणि एक कोरा पेनड्राइव्ह टाकला, आणि धानोऱ्याची पुढची गाडी मिळावी म्हणून ती मूलच्या बसस्टँडवर गडचिरोलीची बस धरायला निघाली.